घनसमीकरणाची मुळे: आधी चाळणी, मग भागाकार

सातपूरच्या एमआयडीसीत डिप्लोमा करून नोकरीला लागलेली आणि मग डिग्रीसाठी पुन्हा कॉलेजात नाव घातलेली मुलं-मुली पुष्कळ भेटतात. डिप्लोमावाल्यांना डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्यामुळे एक वर्ष वाचतं, पण पहिल्या वर्षाच्या गणितात शिकवली जाणारी आयगेन व्हॅल्यू त्यांच्या हातून निसटते. पुढे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये प्रिन्सिपल स्ट्रेस येतो. दोन दिशांपुरतं मोहरच्या वर्तुळावर भागतं, पण तीन दिशांचा स्ट्रेस समोर आला की तीन बाय तीनची मॅट्रिक्स आणि तिचं घनसमीकरण सोडवण्यावाचून इलाज नसतो. या लेखात ते समीकरण कागदावर कसं सोडवायचं ते पाहू. त्यासाठी नववीतला संश्लेषक भागाकार आणि दहावीतलं वर्गसमीकरण एवढं येत असलं तरी पुरे.

समजा, एखाद्या ब्रॅकेटवर वेल्डजवळच्या एका बिंदूला असा स्ट्रेस आहे. आकडे मेगापास्कलमध्ये आहेत:

```
२०   ४०    ०
४०   ४०   ४०
 ०   ४०   ६०
```

मुख्य कर्णावरचे २०, ४०, ६० हे तीन दिशांचे सरळ स्ट्रेस आणि बाकीचे शिअर. ब्रॅकेटकडे वेगळ्या कोनातून पाहिलं तर हे आकडे बदलतात. एका विशिष्ट कोनात सगळे शिअर शून्य होतात आणि कर्णावर फक्त तीन आकडे उरतात. ते तीन आकडे म्हणजे प्रिन्सिपल स्ट्रेस, आणि गणिताच्या भाषेत या मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू.

समीकरण मांडण्याआधी एक काम करा. सगळ्या आकड्यांना २० ने भाग जातो, तो देऊन टाका. उरते ती मॅट्रिक्स A म्हणू:

```
१   २   ०
२   २   २
०   २   ३
```

मॅट्रिक्सला एखाद्या संख्येने भागलं की आयगेन व्हॅल्यूही तेवढ्यानेच भागल्या जातात, म्हणून शेवटी उत्तराला २० ने गुणलं की झालं. आयगेन व्हॅल्यूला λ म्हणू. हा भाग न देता थेट मांडलं तर समीकरण λ³ − १२०λ² + १२००λ + ८०००० = ० असं येतं. ८०००० चे धन विभाजक ४० आहेत, ऋण धरून ८०. एवढे आकडे एकेक करून घालून पाहण्याचा धीर कुणालाच नसतो, आणि परीक्षेत तेवढा वेळही नसतो. भाग दिल्यावर हीच यादी ८० वरून ८ वर येते.

आता समीकरण. ते म्हणजे det(A − λI) = ०, पण हा निश्चयक उलगडत बसण्यापेक्षा तीन संख्या काढा. पहिली, कर्णावरची बेरीज: १ + २ + ३ = ६. दुसरी, कर्णाला धरून असलेल्या तीन छोट्या, दोन बाय दोनच्या निश्चयकांची बेरीज. पहिली आणि दुसरी ओळ-स्तंभ घेतले तर १×२ − २×२ = −२; पहिली आणि तिसरी घेतली तर १×३ − ०×० = ३; दुसरी आणि तिसरी घेतली तर २×३ − २×२ = २. बेरीज ३. तिसरी संख्या म्हणजे पूर्ण मॅट्रिक्सचा निश्चयक: १(६ − ४) − २(६ − ०) + ० = −१०. या तीन संख्या आलटून पालटून चिन्ह देत मांडायच्या:

λ³ − ६λ² + ३λ − (−१०) = ०, म्हणजेच λ³ − ६λ² + ३λ + १० = ०.

शेवटच्या पदात उणे गुणिले उणे होतं. बहुतेक वह्या इथेच बिघडतात, म्हणून तो कंस लिहायचा आळस करू नका. चूक झाली तर ती कशी ओळखायची ते पुढे येईलच.

या समीकरणाला पूर्णांक मूळ असेल तर ते १० चा विभाजकच असणार. त्याचं कारण समीकरणातच दिसतं. १० पलीकडे नेऊन डावीकडून λ बाहेर काढा: λ(λ² − ६λ + ३) = −१०. λ पूर्णांक असेल तर कंसातलीही संख्या पूर्णांक, आणि दोन पूर्णांकांचा गुणाकार −१० येतो म्हणजे λ ने १० ला पूर्ण भाग जायलाच हवा. अपूर्णांक मूळ का नाही, तर λ³ चा सहगुणक १ आहे म्हणून. एखादं परिमेय मूळ p/q या संक्षिप्त रूपात असेल तर p ने शेवटच्या पदाला आणि q ने पहिल्या सहगुणकाला भाग जावा लागतो. पहिला सहगुणक १, म्हणून q ही १. मॅट्रिक्समध्ये सगळे आकडे पूर्णांक असले तर तिची परिमेय आयगेन व्हॅल्यू पूर्णांकच असते.

तर उमेदवार हे: १, −१, २, −२, ५, −५, १०, −१०. आता यांना चाळणी लावायची.

पहिली चाळणी गर्शगोरिनची. या सोव्हिएत गणितज्ञाने हे प्रमेय १९३१ साली प्रसिद्ध केलं. प्रत्येक ओळीत कर्णावरचा आकडा मध्य धरा आणि बाकीच्या दोन आकड्यांची, चिन्ह सोडून, बेरीज ही त्रिज्या धरा. पहिल्या ओळीत मध्य १, त्रिज्या २, म्हणजे −१ ते ३. दुसऱ्या ओळीत मध्य २, त्रिज्या ४, म्हणजे −२ ते ६. तिसऱ्या ओळीत १ ते ५. आपली मॅट्रिक्स सममित असल्याने आयगेन व्हॅल्यू वास्तव आहेत, म्हणून सगळ्या −२ आणि ६ यांच्या दरम्यान असणार. −५, −१० आणि १० तिथेच गळाले.

दुसरी चाळणी मला जास्त आवडते आणि ती वर्गात फारशी कुणी दाखवत नाही. λ च्या जागी १ घाला. म्हणजे नुसती सहगुणकांची बेरीज करायची: १ − ६ + ३ + १० = ८. शून्य आलं नाही, म्हणून १ हे मूळ नाही. पण हे ८ टाकून देऊ नका. r हे पूर्णांक मूळ असेल तर बहुपदी (λ − r) गुणिले पूर्णांक सहगुणकांची दुसरी एक बहुपदी अशी फुटते. तिच्यात λ = १ घातलं की (१ − r) ने ८ ला भाग जातोच. आता प्रत्येक उमेदवारातून १ वजा करून पाहा. −२ मधून १ गेला की −३ उरतात, ३ ने ८ ला भाग जात नाही, म्हणून −२ बाद. −५ चे होतात −६, बाद. −१० चे −११, बाद. १० चे ९, बाद. उरले २, ५ आणि −१, कारण त्यांच्यातून १ गेला की १, ४ आणि −२ येतात आणि या तिन्हींनी ८ ला भाग जातो. दर वेळी अशी तंतोतंत छाननी होत नाही. बऱ्याचदा एखाद-दुसरा खोटा उमेदवारही तग धरून राहतो. पण एका बेरजेत यादी निम्म्यावर येते, हे काय कमी आहे?

आता −१ घालून संश्लेषक भागाकार करू. सहगुणक १, −६, ३, १०.

```
−१ |  १   −६    ३    १०
   |      −१    ७   −१०
   ----------------------
      १   −७   १०     ०
```

बाकी शून्य, म्हणून −१ हे मूळ. खालच्या ओळीतले १, −७, १० हे उरलेल्या वर्गसमीकरणाचे सहगुणक: λ² − ७λ + १० = ०. त्याचे अवयव (λ − ५)(λ − २). आयगेन व्हॅल्यू ५, २ आणि −१. एक मूळ हाती लागल्यावर उरलेल्या उमेदवारांना पुन्हा घनसमीकरणात घालत बसू नका. वर्गसमीकरण सोडवणं कमी वेळाचं आहे आणि त्यात अपरिमेय मुळंही सापडतात. मूळ दुहेरी असलं तरी ते वर्गसमीकरणातच पुन्हा समोर येतं.

२० ने गुणल्यावर ब्रॅकेटचे प्रिन्सिपल स्ट्रेस मिळतात: १००, ४० आणि −२० मेगापास्कल. उणे म्हणजे त्या दिशेने धातू दाबला जातोय. सर्वांत मोठा शिअर हा सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान स्ट्रेसमधल्या फरकाच्या निम्मा, म्हणजे (१०० + २०) ÷ २ = ६० मेगापास्कल. ट्रेस्काच्या निकषानुसार १२० चा हा फरक मटेरियलच्या यील्ड स्ट्रेसशी ताडायचा. साध्या स्ट्रक्चरल स्टीलसाठी २५० मेगापास्कल धरले तर दुपटीहून थोडी जास्त सुरक्षा आहे. मूळ मॅट्रिक्समध्ये सगळ्यात मोठा आकडा ६० होता. तेवढ्यावर विसंबून डिझाइन केलं असतं तर खरा १०० चा स्ट्रेस नजरेआडच राहिला असता.

उत्तर तपासताना बहुतेक जण दोन गोष्टी पाहतात: आयगेन व्हॅल्यूंची बेरीज कर्णाच्या बेरजेइतकी आहे का (५ + २ − १ = ६), आणि गुणाकार निश्चयकाइतका आहे का (५ × २ × −१ = −१०). दोन्ही पाहावं, पण या दोन्ही तपासण्या मधल्या पदाची चूक पकडत नाहीत. समजा तुम्ही छोट्या निश्चयकांची बेरीज ३ ऐवजी चुकून वेगळी काढली. आलेल्या मुळांची बेरीज तरीही ६ च येईल आणि गुणाकार −१० च, कारण ते दोन्ही आकडे तुम्ही समीकरणात बरोबर लिहिले आहेत. मधलं पद तपासायला वेगळी युक्ती आहे. सममित मॅट्रिक्समध्ये सगळ्या नऊ आकड्यांच्या वर्गांची बेरीज आयगेन व्हॅल्यूंच्या वर्गांच्या बेरजेइतकी असते. आपल्या मॅट्रिक्समध्ये १ + ४ + ० + ४ + ४ + ४ + ० + ४ + ९ = ३०, आणि दुसऱ्या बाजूला २५ + ४ + १ = ३०. जुळलं. मॅट्रिक्स सममित नसेल तर नऊ वर्गांऐवजी A² च्या कर्णावरची बेरीज घ्यायची.

आता मघाशी राहिलेली चिन्हाची चूक. शेवटी +१० ऐवजी −१० लिहिलं तर समीकरण होतं λ³ − ६λ² + ३λ − १० = ०. १ घाला, −१२ येतात. २ घाला, −२०. ५ घाला, पुन्हा −२०. १० घाला, ४२०. ऋण उमेदवार घातले तर चारही पदं ऋण, म्हणून शून्य यायचा प्रश्नच नाही. एकही मूळ सापडत नाही. इथे घाईने “मुळं अपरिमेय आहेत” असं लिहून मोकळं होऊ नका. आधी पाहा की मॅट्रिक्स सममित आहे का. असेल तर तिन्ही मुळं वास्तव असलीच पाहिजेत. या चुकलेल्या समीकरणाचा आलेख λ = ०.२७ च्या आसपास थोडा वर चढतो, पण तिथेही किंमत −९.६ च्या घरात असते. तो आडव्या अक्षाला फक्त एकदाच, ५ आणि ६ च्या मध्ये, छेदतो. एकच वास्तव मूळ असलेलं समीकरण सममित मॅट्रिक्सचं असूच शकत नाही. चूक आपलीच आहे हे समीकरणच सांगतं. मॅट्रिक्स सममित नसेल तर मात्र हा आधार नाही; तिथे एक मूळ वास्तव आणि दोन संमिश्र असू शकतात.

पण कधी कधी सगळं बरोबर असूनही एकही उमेदवार उत्तीर्ण होत नाही. एका टोकाला भिंतीशी बांधलेल्या, सारख्या स्प्रिंगांनी जोडलेल्या तीन सारख्या वजनांचं उदाहरण घ्या. कंपनांच्या अभ्यासात ते पहिल्यांदा भेटतं. त्याची मॅट्रिक्स अशी:

```
 २   −१    ०
−१    २   −१
 ०   −१    १
```

कर्णाची बेरीज ५, छोट्या निश्चयकांची बेरीज ३ + २ + १ = ६, निश्चयक १. समीकरण λ³ − ५λ² + ६λ − १ = ०. उमेदवार दोनच: १ आणि −१. १ घातलं की १ येतो, −१ घातलं की −१३. दोन्ही बाद. म्हणजे परिमेय मूळ एकही नाही, आणि हे अंदाजाने नव्हे तर खात्रीने कळलं. पुढे शोधत बसण्यात अर्थ नाही, पद्धत बदलायची.

०, १, २, ३, ४ घालून किमती लिहा: −१, १, −१, −१, ७. चिन्ह जिथे पालटतं तिथे मूळ दडलेलं असतं. म्हणजे एक मूळ ० आणि १ च्या मध्ये, एक १ आणि २ च्या मध्ये, एक ३ आणि ४ च्या मध्ये. पहिल्यासाठी ०.२ पासून सुरुवात करून न्यूटनची एक पायरी चढा. तिथे बहुपदीची किंमत ०.००८ आणि उताराची किंमत ४.१२. ०.००८ ला ४.१२ ने भागून ०.२ मधून वजा केलं की ०.१९८ मिळतात, आणि तीन दशांश स्थळांपर्यंत हेच उत्तर आहे. बाकीची दोन अशीच काढली तर १.५५५ आणि ३.२४७ येतात. तिघांची बेरीज ५, कर्णाइतकी. पहिल्याचं वर्गमूळ ०.४४५, त्याला स्प्रिंगचा ताठपणा भागिले वस्तुमान याच्या वर्गमूळाने गुणलं की सर्वांत संथ कंपनाची कोनीय वारंवारिता मिळते.

दशांशांबद्दल थोडं. मॅट्रिक्समध्ये ०.५, १.५ असे आकडे असले तर समीकरण मांडण्याआधीच मॅट्रिक्सला २ ने गुणा. आपलीच A निम्मी करून पाहा. समीकरण येतं λ³ − ३λ² + ०.७५λ + १.२५ = ०. दशांश घालवायला याला ४ ने गुणलं तर ४λ³ − १२λ² + ३λ + ५ = ०. आता पहिला सहगुणक ४ झाला, म्हणून छेदात १, २ आणि ४ तिन्ही घ्यावे लागतात, आणि १/४, ५/४, ५/२ असे मिळून १२ उमेदवार होतात. मॅट्रिक्सच दुप्पट केली असती तर ८ पूर्णांकांवर भागलं असतं.

स्ट्रेन गेजवरून किंवा सॉफ्टवेअरमधून आलेले ८३.७, १२.४ असे आकडे असतील तर मात्र ही पद्धत वापरू नका. तत्त्वतः तेही परिमेयच आहेत, पण १० ने गुणल्यावर शेवटचं पद कोटींच्या घरात जातं आणि मुळंही बहुतेक अपरिमेयच निघतात. कारखान्यात ते काम संगणकाचं. नमपाय नावाच्या लायब्ररीत ब्रॅकेटचं गणित एवढ्यात होतं:

```python
import numpy as np
A = np.array([[20, 40, 0], [40, 40, 40], [0, 40, 60]])
print(np.linalg.eigvalsh(A))
```

उत्तर वाढत्या क्रमाने येतं: −२०, ४०, १००. eigvalsh हे फक्त सममित मॅट्रिक्ससाठी आहे. असममित दिलीत तरी ते तक्रार न करता तिचा अर्धा भाग वाचून चुकीचं उत्तर देतं, तिथे eigvals वापरायचं. गंमत म्हणजे संगणक आयगेन व्हॅल्यूसाठी आपल्यासारखं घनसमीकरण मांडतच नाही. उलट, नमपायला एखाद्या बहुपदीची मुळं मागितली तर ते तिच्यापासून एक मॅट्रिक्स तयार करून तिच्या आयगेन व्हॅल्यू काढतं. बहुपदीच्या सहगुणकांत किंचित चूक शिरली तर मुळं बरीच सरकू शकतात. थेट मॅट्रिक्सवर काम केलं तर, विशेषतः ती सममित असेल तेव्हा, तो धोका खूपच कमी.

निश्चयक शून्य आला तर चाळणीची गरजच नाही. शेवटचं पद नाहीसं होतं, λ = ० हे मूळ आपोआप मिळतं आणि एक λ बाहेर काढला की उरतं ते वर्गसमीकरण.